शनिवारचा पेटीचा क्लास आणि रविवारपर्यंतचा अबोला

*मावशी, मी चौतीस वर्षांची. बेळगावात वडगावला राहते, मराठी शाळेत शिकवते. दोन वर्षं झाली, दर शनिवारी साडेपाच ते सात शहापुरात पेटी शिकायला जाते. सोबत दोन मैत्रिणी असतात. रात्री सगळं आवरलं की अर्धा तास गच्चीवर एकटी बसते. माझं म्हणून एवढंच. मिस्टर उद्यमबागेत कारखान्यात आहेत, एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा सेकंड. मी निघाले की म्हणतात, "जा की, तुला कोण अडवलंय?" मग क्लासमध्ये दोन-तीन फोन. परत आले की जेवत नाहीत, रविवार दुपारपर्यंत बोलत नाहीत. गेल्या महिन्यात कंटाळून मी शाळेत ट्रेनिंग आहे असं खोटं सांगून क्लासला गेले. शेजारणीनं शहापुरात बघितलं आणि घरात सांगितलं. आता म्हणतात, तुझ्यावर विश्वास कसा ठेवायचा? सासूबाई म्हणतात, संसार मोठा की पेटी? क्लास सोडून देऊ का?*

क्लास सोडू नकोस. खोटं मात्र आजपासून बंद.

हे दोन्ही एकदम सांगतेय, कारण एकाशिवाय दुसरं टिकणार नाही. ट्रेनिंगचं निमित्त सांगितलंस तेव्हा तूच कबूल केल्यासारखं झालं की शनिवारचा तो दीड तास म्हणजे काहीतरी लपवायची गोष्ट आहे. आधी त्यांच्याकडे फक्त नाराजी होती, आता त्यांच्या हातात कारणही आलं. आणि क्लास सोडलास तर काय होईल, तेही सांगते. पहिले दोन शनिवार घर शांत राहील. मग तू भाकरी थापताना, पोरांचा अभ्यास घेताना मनात म्हणशील की ह्यांच्यामुळं माझी पेटी गेली. आज त्यांच्या पोटात जो राग आहे, तो तुझ्या पोटात येऊन बसेल. भांडण संपणार नाही, एकाकडून दुसरीकडे जाईल इतकंच.

आता मला एक सांग, कारण पत्रात ते आलेलं नाही. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात शनिवारी साडेपाचला ते घरी नसतात, मशीनवर असतात. त्या शनिवारीही फोन येतात का? त्या रात्रीही जेवण सोडतात का?

हा प्रश्न मी उगाच विचारत नाही. शिफ्टच्या घरांत नवराबायकोचं खरं भेटणं किती कमी असतं ते मोजून बघ. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात तू शाळेतून येतेस तोवर ते गेलेले असतात. ते अकरा-साडेअकराला येतात तेव्हा तू अर्धवट झोपेत असतेस. पूर्ण आठवडा डबा, चाव्या आणि पोरांची फी एवढ्यावर बोलणं. मग फर्स्ट शिफ्टचा आठवडा येतो, पण संध्याकाळी शाळेच्या वह्या, स्वयंपाक, सासूबाई, पोरं. शनिवारी दुपारी तीन-साडेतीनला माणूस घरी येतो, आंघोळ करतो, चहा पितो, आता जरा निवांत बसू म्हणतो आणि तू साडी बदलून निघालेली असतेस. "माझ्यापाशी बस" हे आपल्याकडच्या पुरुषांना म्हणता येत नाही. लहानपणापासून कुणी शिकवलेलंच नसतं. मग तोंडातून "जा की" निघतं आणि नंतर फोन येतो, डबा कुठं ठेवलीस म्हणून. डबा समोरच्या फळीवरच असतो.

तसं असेल, म्हणजे त्रास फक्त फर्स्ट शिफ्टच्या शनिवारीच होत असेल, तर तुझी पेटी त्यांना नको आहे असं नाही. ती वेळ त्यांना हवी आहे. मग वेळ हलव. तुझी शाळा शनिवारी दुपारपर्यंत सुटते. सरांना विचार, फर्स्ट शिफ्टच्या शनिवारी दीड ते तीन बसता येईल का? ते घरी पोचतील त्याच सुमारास तूही पोचशील. मैत्रिणींसोबतचा चहा त्या शनिवारी हुकेल, याचं मलाही वाईट वाटतं. पण सेकंड शिफ्टच्या शनिवारी क्लासही जुन्याच वेळी आणि चहाही भरपूर वेळ. तिथं काहीही कमी करू नकोस.

पण वेळ एकदाच हलवायची, हे लक्षात ठेव. त्यानंतर काय होतं तेच बघायचं आहे. दुपारी क्लास सुरू झाल्यावर महिन्याभरात फोन कमी झाले, संध्याकाळी दोघं बाजारात किंवा कपिलेश्वराला जाऊन आलात, जेवण वेळेवर झालं, तर समजायचं की दुखणं सापडलं. पण आता कारणच बदललं तर सावध हो. आधी वेळ नको होती, मग मैत्रिणी नकोत, मग सर पुरुष आहेत, मग फी जास्त आहे, मग गच्चीवर कुणाशी बोलतीस. एक तक्रार मिटवलीस की तिथं दुसरी उभी राहत असेल, तर ती तक्रार कधीच वेळेची नव्हती. ते मशीनवर असतानाही तू कुठं आहेस हे विचारायला फोन येत असेल, तर तोही तोच प्रकार.

पहिला प्रकार धरून पुढचं लिहिते. बोलायचं कधी? शुक्रवारी रात्री नको, शनिवारी तर नकोच. अबोला सुटल्यावर, रविवारी संध्याकाळी. घरात सासूबाईंसमोर बसून नको. किल्ला तलावाकडे चालायला जा, नाहीतर गाडी काढून राजहंसगडावर. चालताना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, त्यामुळं अवघड बोलणं सोपं जातं. माझ्यासमोर खुर्चीत बसून पाऊण तास गप्प राहिलेले नवरे बाहेरच्या व्हरांड्यात बायकोबरोबर येरझाऱ्या घालताना घडाघडा बोललेले मी पाहिले आहेत.

आधी तुझ्या वाटणीचं सांगून टाक: "मी ट्रेनिंगचं खोटं सांगितलं, ते चुकलं. परत असं करणार नाही. क्लासला मात्र जाणार, आणि सांगून जाणार." इथं पूर्णविराम. "पण तुम्हीच तसं वागता म्हणून" हे शेपूट जोडू नकोस, माफी तिथंच वाया जाते. मग एकच विचार: "मी गेल्यावर तुम्हाला काय वाटतं?" आणि गप्प बस. ते म्हणतील, काही नाही. तरीही गप्प बस. दुसरं उत्तर बऱ्याच वेळानं येतं, आणि खरं तेच असतं.

त्या वेळी गणपतीचा हिशोब काढू नकोस, हे मुद्दाम सांगते. तुझ्या मनात तो असणार आणि तो रास्तही आहे. गणपतीत अकरा दिवस मंडळाच्या मांडवात, शिवजयंतीच्या चित्ररथाची तयारी असली की मध्यरात्र, आणि ह्याला कुणी शौक म्हणत नाही, मंडळाचं काम म्हणतात. बाई दीड तास पेटी वाजवायला गेली की संसार मोठा की पेटी. हा अन्याय आहे आणि मला त्याची चीड येते. पण पहिल्याच बोलण्यात तो काढलास की ते मंडळाची बाजू लढवत बसतील आणि मनातलं मनातच राहील. दोन-तीन महिन्यांनी, घरात हवा निवळल्यावर नक्की काढ. तेव्हा तो भांडणाचा मुद्दा न राहता वेळेच्या वाटणीचा मुद्दा होईल.

आता शनिवारचं. निघायच्या आधी स्वतःहून दोन गोष्टी सांग, डबा कुठं आणि परत किती वाजता. क्लासमध्ये फोन सायलेंटवर ठेवणार हेही आधीच सांग आणि सरांचा नंबर भिंतीवर लिहून ठेव, पोराला ताप आला किंवा सासूबाईंना काही झालं तर त्यावर फोन. मग अधेमधे आलेला फोन घ्यायचा नाही. आज घेतलास आणि पुढच्या शनिवारी नाही घेतलास, तर फोन वाढतात. कधी लागतो कधी लागत नाही म्हटल्यावर माणूस पुन्हा पुन्हा लावतो. तीनला सुटणार म्हणालीस तर सव्वातीनला दारात ये, पावणेचारला नको.

परत आल्यावर ताटं वाढ, एकदा हाक मार आणि स्वतः जेव. तू आजवर काय करत आली असशील याचा मला अंदाज आहे. आर्जवं, मग रडं, मग तूही उपाशी. तू मागं लागतेस तसे ते आणखी आत जातात. क्लासमध्ये हेच उलटं होतं, ते फोन करून मागं लागतात आणि तू लपतेस. हा पाठशिवणीचा खेळ थांबवायला एकानं धावणं थांबवावं लागतं. घरात ते तू थांबव. अबोल्यात टोमणा नको, भांड्यांची आदळआपट नको, नेहमीच्या आवाजात नेहमीचं बोलणं. पहिले एक-दोन शनिवार ते ताठ राहतील, कदाचित अबोला सोमवारपर्यंत लांबेल. तेवढ्यानं घाबरून क्लास बुडवलास, तर अबोला कामी येतो हे त्यांना कळेल.

गच्चीबद्दल थोडंच. आपल्या घरांत कुणी एकटं बसलं की ती रुसली असा अर्थ होतो. जाण्याआधी म्हण, "दिवसभर वर्गात आवाज ऐकून डोकं भणभणतंय, अर्धा तास बसून येते, रागावले नाही." मात्र फोन खाली ठेवून जा. तू वर फोनवर असशील तर त्यांच्या लेखी तो एकांत नाही, तुझ्या दुसऱ्या कुणाशी तरी चाललेल्या गप्पा आहेत.

त्यांनाही पेटी शिकायला ने, असा सल्ला तुला कुणीतरी देईल. नको. ती जागा तुझी राहू दे. सासूबाईंना मध्यस्थ करू नकोस आणि त्यांच्या प्रश्नाला उत्तरही देऊ नकोस. "आई, ते आणि मी बोललोय" एवढं पुरे.

आणि आता तो दुसरा प्रकार, जो तुझ्या घरी नसावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. फोन तपासणं, पगाराचं एटीएम कार्ड काढून घेणं, क्लासच्या दारात येऊन उभं राहणं, माहेरी बोलण्यावर बंदी, पेटी आपटणं, हात उगारणं. यातलं काहीही होत असेल तर वर लिहिलेलं बोलणं करू नकोस, वेळही हलवू नकोस. १८१ हा महिलांचा हेल्पलाइन नंबर आहे, तो लाव. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात फक्त मारहाण येत नाही, मानसिक छळ आणि पैसे अडवणंही येतं. बेळगावात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरण आहे. तिथं बाईला वकील मोफत मिळतो, तिचा पगार किती हे बघितलं जात नाही. आधी एका मैत्रिणीला सगळं खरं सांगून ठेव आणि तिला बरोबर ने.

ह्या आठवड्यात त्यांची फर्स्ट शिफ्ट असेल तर ह्याच रविवारी बोल. सेकंड असेल तर घाई करू नकोस, आधी ह्या शनिवारी फोन येतो का ते बघ. जे होईल ते मला कळव.

— मावशी