बॉण्डवर सही करू की मोपावर नोकरी घेऊ?

"मॅडम, केबिन क्रूमध्ये सिलेक्शन झालंय पण दोन वर्षांचा बॉण्ड मागतायत, सोडलं तर १ लाख ८० हजार. बाबा म्हणतात अडकशील. मोपाला ग्राउंड स्टाफचंही नक्की आहे, तिथे बॉण्ड नाही. काय करू?"

कुडाळला मी करिअरचं समुपदेशन करते, हा प्रश्न घेऊन येणाऱ्या पोरी आता मोजायच्या सोडून दिल्यात. गोव्याचा मोपा विमानतळ सुरू झाला २०२३ च्या जानेवारीत, तेव्हापासून तर जास्तच. ही वेंगुर्ल्याची, बाबा बरोबर, आणि पहिली वीस मिनिटं फक्त बाबाच बोलले.

"बॉण्ड म्हणजे बांधून घालणाच मां? माका ता पसंत नाय."

मी तिला म्हटलं, कागद मोठ्याने वाच. आकडा मोठा दिसतो म्हणून सगळे आकड्यावरच अडकतात, खरी मेख बाजूच्या ओळींत असते. दोन वर्षं कधीपासून? तिच्या कागदात लिहिलं होतं, ट्रेनिंग संपून लाइनवर, म्हणजे प्रत्यक्ष फ्लाइटवर, सोडल्यापासून. म्हणजे अडीच महिन्यांचं ट्रेनिंग त्यात धरलेलंच नाही, चोवीस नव्हे साडेसव्वीस महिने झाले. पुढचं, पैसे महिन्यागणिक कमी होतात का? होत असतील तर अठरा महिने काम करून सोडलं की उरलेल्या सहा महिन्यांचे ४५ हजार, नाहीतर तेविसाव्या महिन्यात सोडलं तरी पूर्ण १ लाख ८०. यावर कागद गप्प होता. ट्रेनिंगमध्येच नापास झाली तर भरायचे का, यावरही गप्प. आणि शेवटच्या पानावर मूळ मार्कशीट जमा करा म्हणून लिहिलं होतं. मूळ कागद दाखवायचे आणि परत घ्यायचे, ठेवून जायचे ते झेरॉक्स, हे मी सगळ्यांना सांगते.

बाबांना एक सांगितलं, की करारात आकडा लिहिला म्हणून तेवढा आपोआप वसूल होतो असं नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट वाजवी भरपाई देतं, लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा. पण कोर्टाच्या पायऱ्या चढायला कुणाला वेळ आहे, म्हणून सहीआधीच मेलवर विचारायचं. फोनवर एचआर गोड बोलतात, त्याचा उपयोग शून्य.

(आणि आधी फी घेऊन 'शंभर टक्के प्लेसमेंट' देणारे क्लास वेगळे. क्रूला लागणारं सेफ्टी ट्रेनिंग एअरलाइन निवड झाल्यावर स्वतः देते, बाहेरचा डिप्लोमा त्याच्या जागी चालत नाही.)

मग मोपाचं. ती नोकरी एअरलाइनची नव्हतीच, एअरलाइनसाठी विमानतळावरची कामं करणाऱ्या हँडलिंग एजन्सीची होती, हे तिला ऑफर लेटरवरचं नाव वाचेपर्यंत माहीत नव्हतं. बॉण्ड नाही हे खरं, पण वर जायचं तर नुसतं चेक-इन काउंटरवर उभं राहून होत नाही, धोकादायक सामानाचं सर्टिफिकेट, लोड अँड ट्रिमचं, म्हणजे विमानातल्या वजनाचा तोल बसवायचं, काम हातात आलं की मग सुपरवायझरकडे नजर टाकता येते. आणि क्रूमध्ये एअरलाइन बदलली की सिनियॉरिटी बऱ्याचदा तळापासून, त्यामुळे क्रूची लीड व्हायचं असेल तर दोन वर्षं तसंही एका जागीच काढावी लागतात. तिला हे पटलं. बाबा तसेच.

दुसऱ्या भेटीत मी भिंतीवरचं कालनिर्णय काढून टेबलावर ठेवलं, सप्टेंबरचं पान, आणि तिला म्हटलं तुझा रोस्टर भर. तिच्या ओळखीच्या क्रूने पाठवलेला नमुना होता मोबाईलवर. पहाटेचं रिपोर्टिंग, ले-ओव्हर, दोन ऑफ, मग स्टँडबाय. स्टँडबाय म्हणजे घरी बसायचं पण फोन आला की थोड्याच वेळात एअरपोर्टवर, म्हणजे खोली विमानतळाजवळच हवी, भाडं तेवढं, आणि उडालीच नाही तर फ्लाइंगचे पैसे नाहीत, नुसता फिक्स पगार. हे ती पेनाने लिहीत गेली. चतुर्थीच्या चौकोनात स्टँडबायचा 'एस' आला.

बाबांनी त्या चौकोनावर बोट ठेवलं. बराच वेळ तसंच.

"म्हणजे गणपतीक येवची नाय."

मी काही बोलले नाही. माझ्या मते समुपदेशकाचं अर्धं काम हेच, बरोबर वेळी गप्प बसणं, आणि ते मला आता जमतं. बाबांचं भांडण १ लाख ८० हजारांशी नव्हतंच. पोरगी सणाला घरात नसणार, हे तोंडावर बोलता येत नव्हतं म्हणून बॉण्ड पुढे केलेला. ती म्हणाली, "बाबा, मोपाला तरी शिफ्ट चुकणार आहे का? दिवाळीत फ्लाइट बंद असतात काय?" तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

तिने तीन प्रश्न मेल केले. दोनांची उत्तरं दोन दिवसांत आली, रक्कम महिन्यागणिक कमी होईल आणि मार्कशीट पडताळून परत देऊ. नापासाचं राहिलं. सही नको म्हणणारे बाबाच मग फोनवर मला सांगतात, "तिसऱ्याचा उत्तर इल्याशिवाय सही करूची नाय." आठवड्याने आलं, ट्रेनिंगमध्ये नापास झाल्यास वसुली नाही. मग सही झाली.

यंदा चतुर्थीला ती स्टँडबायवरच होती, पाचव्या दिवशी विसर्जनाला पोचली. बाबांनी घरच्या कालनिर्णयावर तिचे ऑफ पेन्सिलने लिहायला घेतलेत, पेनाने नाही, रोस्टर बदलतो म्हणून.