चौथ्या डोसला खोका बदलला

“तीन डोस मूळ कंपनीचे झाले. चौथ्याला डॉक्टरांनी स्वस्त इंजेक्शन लिहून दिलंय. आईचा आजार यामुळे परत वाढेल का?”

हा प्रश्न डिचोलीहून आलेल्या मुलाचा. आईला हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेला, स्तनाचा कर्करोग; त्यावरचं औषध ट्रास्टुझुमॅब.

मी त्याला म्हटलं, किमतीवरून ताकद ठरवू नका. साध्या रासायनिक गोळीची जेनेरिक आवृत्ती रक्तात मूळ औषधाइतकीच पोचते का, हे मोजलं की बहुतेक काम होतं. ट्रास्टुझुमॅब मात्र जिवंत पेशींत तयार होणारं मोठं प्रथिन आहे. त्याची हुबेहूब नक्कल होत नाही, म्हणून त्याला जेनेरिक न म्हणता बायोसिमिलर म्हणतात. प्रयोगशाळेत रचना आणि परिणाम मूळ औषधाशी ताडून पाहतात, मग प्राण्यांवरील चाचण्या, मग रुग्णांवर तुलना, आणि शेवटी केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी. भारतात पहिल्या ट्रास्टुझुमॅब बायोसिमिलरला 2013 मध्ये मान्यता मिळाली. त्याच औषधाची ‘हेरिटेज’ नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली: 24 आठवड्यांनी गाठ आक्रसलेल्या रुग्णांचं प्रमाण बायोसिमिलर गटात सुमारे 70 टक्के, मूळ औषधाच्या गटात 64. याचा अर्थ स्वस्त औषध सरस असा नाही. फरक आधीच ठरवलेल्या मर्यादेत बसला, एवढंच. तेवढंच सिद्ध करायचं होतं. त्याच वर्षी अमेरिकेनेही त्याला परवानगी दिली.

“पण हुबेहूब नाही ना?” मुलगा चिवट होता, आणि ते मला आवडलं. मूळ कंपनीच्याही दोन बॅचेस तंतोतंत सारख्या नसतात. काही वर्षांपूर्वी मूळ औषधाच्याच काही बॅचेसमध्ये मोजता येण्याजोगा बदल आढळला होता.

मग मी त्याला इंजेक्शन कुठून, कसं आणलं ते विचारलं. म्हापशाच्या दुकानातून, प्लास्टिकच्या पिशवीत, स्कूटरवरून, मे महिन्यात! माझ्या मते खरी काळजी इथे होती. ही बाटली 2 ते 8 अंशांत राहायला हवी. बर्फाच्या पॅकांसह थर्मोकोलच्या डब्यात आणायची, पण बर्फाला थेट टेकवायची नाही आणि फ्रीजरमध्ये तर मुळीच ठेवायची नाही. ही बाटली मी त्याला वापरू दिली नाही. आधी डॉक्टरांना आणि फार्मासिस्टना दाखवा, म्हटलं. त्यांनी ती बदलायला सांगितली.

नवी बाटली आली तेव्हा आम्ही तीन गोष्टी पाहिल्या. खोक्यावर फक्त ‘ट्रास्टुझुमॅब’ आहे ना. कारण पुढे ‘एमटान्सिन’ जोडलेलं औषध वेगळं, त्याचा डोसही वेगळा, आणि गल्लत जिवावर बेतू शकते. दुसरं, डोस: आईचं वजन 55 किलो, किलोमागे 6 मिलिग्रॅम, म्हणजे 330. तिसरं, बॅच नंबर, तो पक्क्या बिलावर आणि केसपेपरवर लिहून घेतला, कारण नंतर काही त्रास झाला तर तोच धागा हाती लागतो. या औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून हृदयाचा इको दर तीन महिन्यांनी हवाच. तो मूळ औषध घेतानाही लागतो, आणि त्यांचा एक चुकला होता, म्हणून बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात त्याची तारीख आधी घ्यायला लावली.