जपानी क्लायंटचे आभार मानायला एकच वाक्य

प्रश्न: पुढच्या आठवड्यात टोकियोला मीटिंग आहे. आभार मानायला एकच सभ्य वाक्य शिकायचंय. कोणतं, आणि नेमकं कधी म्हणू?

उत्तर: 'होन्जित्सु वा ओजिकान ओ इतादाकि, आरिगातोऽ गोझाइमाश्ता.' म्हणजे 'आज आपण वेळ दिलात, त्याबद्दल आभारी आहे.'

हे मीटिंग संपल्यावर, कागद आवरून उभं राहिलात की म्हणायचं. शेवटचं 'माश्ता' हे भूतकाळाचं रूप आहे, म्हणून सुरुवातीलाच म्हटलंत तर मीटिंग उरकल्यासारखं वाटेल. सुरुवातीला हेच वाक्य म्हणायचं असेल तर शेवट 'गोझाइमास' करा. लिहिताना 'माशिता', पण बोलताना 'शि'मधला इकार जवळजवळ गिळतात. 'झा' आपल्या 'झाड'मधल्यासारखा, पण हलका.

आधी वाक्य पूर्ण करा, मग कमरेतून वाका. दोन्ही एकदम केलं तर शब्द जमिनीकडे जातात. हात जोडू नका, आपली सवय आड येते!

यजमान बहुधा लिफ्टपर्यंत सोडायला येतात. तिथे दार मिटण्याआधी नुसतं 'आरिगातोऽ गोझाइमाश्ता' म्हणून पुन्हा वाका. दार पूर्ण मिटेपर्यंत ते वाकलेलेच असतील, तेव्हा लगेच मोबाइल काढू नका.