रिटायरमेंटचा हिशोब: ग्रॅच्युइटी, पीएफ आणि शिल्लक रजा

प्रश्न: बाबा पुण्यात एका प्रायव्हेट इंजिनिअरिंग कंपनीत कामाला होते, १२ जुलै १९९४ ला लागले, ३१ मार्च २०२६ ला ५८ पूर्ण होऊन रिटायर झाले. शेवटचा बेसिक + डीए ४६,८००, सगळे भत्ते धरून ७८,०००. पीएल १४० शिल्लक. एचआरच्या शीटवर ग्रॅच्युइटी ७,२५,४०० दाखवलीय, ती बरोबर आहे का? आणि पीएफमध्ये कंपनीचा वाटा बाबांच्या वाट्यापेक्षा कमी का दिसतोय?

उत्तर: सेटलमेंटच्या कागदावर बाबांची सही अजून झाली नसेल तर थांबवा, कारण ग्रॅच्युइटीचा आकडा चुकलाय आणि तो कसा चुकलाय तेही तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच कळतं. ४६,८०० ला ३० ने भागलं की रोजचे १,५६० येतात, त्याचे १५ दिवस म्हणजे २३,४००, गुणिले ३१ वर्षं, बरोब्बर ७,२५,४००. म्हणजे एचआरने दोन ठिकाणी कमी धरलंय.

पहिलं म्हणजे भागायचं २६ ने, ३० ने नाही. महिन्याच्या पगारावर काम करणाऱ्याची ग्रॅच्युइटी कायद्यानेच २६ दिवसांचा महिना धरून काढतात. दुसरं, १२ जुलै १९९४ ते ३१ मार्च २०२६ म्हणजे ३१ वर्षं, ८ महिने आणि वर काही दिवस, आणि वरचे महिने सहापेक्षा जास्त असले की पूर्ण वर्ष धरायचं, म्हणजे ३२. आता करून बघा:

```
46,800 ÷ 26 = 1,800
1,800 × 15 = 27,000
27,000 × 32 = 8,64,000
```

फरक १,३८,६०० चा आहे, सोडून देण्यासारखा अजिबात नाही. कायद्याची मर्यादा २० लाखांची, त्यामुळे तिथे काही अडत नाही, आणि एवढ्या रकमेवर टॅक्सही नाही.

एक गोष्ट अजून बघून घ्यायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झालेत, त्यात भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असले तर वरची रक्कम बेसिक-डीएमध्ये मिळवून मग ग्रॅच्युइटी काढायची. बाबांच्या ७८,००० चे निम्मे ३९,००० आणि बेसिक + डीए त्याच्या वर आहे, म्हणून तुमच्या केसमध्ये फरक पडत नाही. पण ज्यांचा बेसिक मुद्दाम कमी ठेवलेला असतो त्यांनी हे नक्की बघावं.

पीएफला फॉर्म्युला वगैरे लावत बसू नका, पासबुकात जे व्याजासकट दिसतं तेच मिळतं. कंपनीचा वाटा कमी दिसतो कारण त्यातून पेन्शनचे पैसे वेगळे जातात. पूर्ण ४६,८०० वर कापत असतील तर बाबांचे १२ टक्के म्हणजे ५,६१६. कंपनीपण तेवढेच भरते, पण त्यातले १,२५० (१५,००० च्या मर्यादेवर ८.३३ टक्के) पेन्शनमध्ये आणि उरलेले ४,३६६ पीएफमध्ये. पासबुकात हेच आकडे दिसले तर कुणी काही खाल्लेलं नाही. पेन्शनच्या कॉलममधली रक्कम एकगठ्ठा काढता येत नाही, दहा वर्षांच्या वर सर्व्हिस झाली की त्याची महिन्याची पेन्शनच मिळते. म्हणून फॉर्म दोन भरायचे, पीएफसाठी १९ आणि पेन्शनसाठी १०डी. बरेच जण १९ भरून मोकळे होतात आणि पेन्शन तशीच राहते. भरायच्या आधी मार्चचा हप्ता पासबुकात आलाय का आणि कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर टाकलीय का ते बघा, तारीख नसेल तर क्लेम पुढे सरकतच नाही.

रजेचं मात्र ग्रॅच्युइटीसारखं नाही, इथे २६ की ३० हे कंपनीच्या नियमावर किंवा युनियनच्या करारावर ठरतं. ३० ने १४० दिवसांचे २,१८,४०० होतात, २६ ने २,५२,०००. शिवाय किती दिवसांपर्यंत रजा साठवून तिचे पैसे मिळतात तेही करारातच असतं, तेव्हा एचआरशी वाद घालायच्या आधी कराराची कॉपी युनियनकडून मागून घ्या. टॅक्सचं म्हणाल तर प्रायव्हेटवाल्यांना रिटायरमेंटच्या वेळी २५ लाखांपर्यंत सूट आहे, पण शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरीने दहा महिन्यांचा पगार ही पण एक मर्यादा आहे, तुमच्याकडे ती साधारण साडेचार लाखांच्या पुढे जाते, म्हणजे दोन्ही आकडे आत बसतात. नवी टॅक्स रेजीम घेतली तरी ही सूट जात नाही.

आता एचआरला तोंडी सांगू नका. वरचा हिशोब, लागल्याची तारीख आणि शेवटची पगार स्लिप जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या किंवा ईमेल करा. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याजही द्यावं लागतं, हे अर्जातच लिहा. तरीही ३० आणि ३१ वरच अडून बसले तर लेबर ऑफिसमध्ये ग्रॅच्युइटीच्या अधिकाऱ्याकडे क्लेम लावता येतो. आणि त्यांनी ७,२५,४०० खात्यात टाकलेच तर परत करायची गरज नाही, फक्त "पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली" अशा कागदावर सही करू नका, बाकी रकमेसाठी हक्क राखून घेतली असं लिहून द्या.