फिओक्रोमोसायटोमा आणि घरातली जुनी दुखणी

प्रश्न: माझ्या मोठ्या भावाची (वय ३६) अ‍ॅड्रिनलची गाठ काढली, रिपोर्ट फिओक्रोमोसायटोमाचा आला. घरात आजवर कुणालाच असं नव्हतं. तरी डॉक्टर जेनेटिक कौन्सेलिंग घ्या म्हणतात. गरज आहे का? आम्ही भावंडांनीही रक्त द्यायचं का?

उत्तर:

भावाला गरज आहे. तुम्ही मात्र त्याचा रिपोर्ट येईपर्यंत थांबा.

मी नाशिकमध्ये एंडोक्रायनॉलॉजिस्ट आहे. फिओक्रोमोसायटोमा म्हणजे किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत होणारी, अ‍ॅड्रिनलिनसारखी संप्रेरकं सोडणारी गाठ. तिच्या साधारण तीनपैकी एका रुग्णात जन्मजात जीनदोष सापडतो. म्हणून वय कितीही असो, गाठ एका बाजूला असो वा दोन्हीकडे, घरात कुणाला असो वा नसो, या गाठीच्या प्रत्येक रुग्णाला समुपदेशन आणि तपासणी देऊ करायची असते.

माझा एक रुग्ण सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. निफाडकडचा द्राक्षबागायतदार, वय ३४. फवारणी करताना अचानक घाम फुटायचा, छाती धडधडायची, डोकं ठणकायचं. घरच्यांना वाटायचं, औषध अंगावर आलं. दोन वर्षं तेच धरून चालले. मग एका झटक्यात बीपी २२०च्या वर गेलं, आणि सीटी स्कॅनमध्ये उजव्या अ‍ॅड्रिनलमध्ये चार सेंटिमीटरची गाठ दिसली. ती काढली, बीपी उतरलं, सगळ्यांना हायसं वाटलं.

घरात कुणाला होतं का, असं विचारलं तर तोही "नाही" म्हणाला. मग मी प्रश्न बदलला: घरात कुणी तरुण वयात, ऑपरेशनच्या टेबलावर किंवा बाळंतपणात अचानक गेलंय का? त्याची आई बेचाळिसाव्या वर्षी पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये गेली होती. घरात सांगत, "भूल सोसली नाही." लपलेली फिओक्रोमोसायटोमा भुलीच्या वेळी अशीच उसळू शकते. आईला तीच होती हे आता सिद्ध करता येणार नाही, पण "घरात कुणालाच नाही" यावर माझा विश्वास तिथेच संपला.

आणखी एक धागा होता. ऑपरेशनआधीच्या रक्तात अ‍ॅड्रिनलिनपासून बनणारं मेटानेफ्रिन जास्त वाढलेलं होतं, म्हणजे गाठ अ‍ॅड्रिनलिन बनवत होती. असं दिसलं की मेन-२ हा थायरॉइड आणि अ‍ॅड्रिनलमध्ये गाठी करणारा आनुवंशिक आजार मनात येतो. व्हीएचएल नावाच्या दुसऱ्या आनुवंशिक आजारात बहुधा नॉरअ‍ॅड्रिनलिनपासून बनणारं नॉरमेटानेफ्रिन चढतं. अनेक जीन एकदम बघणाऱ्या पॅनेल तपासणीत RET जीनच्या ६३४ क्रमांकाच्या कोडॉनवर, म्हणजे जीनमधल्या एका ठरावीक जागी, मेन-२चा दोष निघाला. मेन-२मध्ये थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर जवळपास ठरलेला असतो. त्याच्या रक्तात या कॅन्सरची खूण असलेलं कॅल्सिटोनिन खूप वाढलेलं होतं आणि थायरॉइडमध्ये आठ मिलिमीटरची गाठ होती. गळ्याचं ऑपरेशन झालं. अ‍ॅड्रिनलची गाठ आधी निघाली हे बरं झालं, कारण हा क्रम उलटला तर भूल धोक्याची ठरते.

मग घरच्यांकडे वळलो. आता फक्त तो एकच ठरलेला दोष शोधायचा असतो, म्हणून ही तपासणी स्वस्त पडते. भावंडं आणि मुलं, प्रत्येकाला तो असण्याची शक्यता निम्मी. मालेगावला दिलेल्या बहिणीत नव्हता, त्यामुळे तिच्या मुलांचा विषयच संपला. रुग्णाच्या सहा वर्षांच्या मुलात मात्र होता. या कोडॉनच्या मुलांचं थायरॉइड पाचव्या वर्षापर्यंत काढावं असं सांगितलं जातं, म्हणून आम्ही वेळ घालवला नाही. आता तो रोज सकाळी थायरॉक्सिनची गोळी घेतो आणि शाळेत जातो. अकराव्या वर्षापासून त्याची दरवर्षी मेटानेफ्रिन तपासणी होईल.

घराण्याचा इतिहास फसवण्याचं आणखी एक कारण आहे. SDHD जीनचा दोष वडिलांकडून आला तर गाठी होतात, आईकडून आला तर सहसा होत नाहीत. त्यामुळे आजार एखाद-दोन पिढ्या दिसतच नाही. आणि कधी दोष रुग्णातच नव्याने सुरू झालेला असतो.

तुमच्या भावाच्या पॅनेलमध्ये RET, VHL, NF1, SDHB, SDHD हे जीन आहेत ना, आणि जीनचा मोठा तुकडा गळाला असेल तर तेही कळतं ना, हे विचारून घ्या. काही दोष फक्त तसेच असतात. रिपोर्टमध्ये "अर्थ अनिश्चित" असा बदल आला तर त्यावरून भावंडांची तपासणी करू नका आणि कुणाचं ऑपरेशनही ठरवू नका. इथे अनेक घरं उगाच घाबरतात.

सोनोग्राफीत सहज सापडलेली अ‍ॅड्रिनलची साधी, निरुपद्रवी गाठ असेल तर यातलं काहीच लागत नाही. अ‍ॅड्रिनलच्या बाहेरच्या थराचा कॅन्सर मात्र वेगळा. तिथे, आणि रुग्ण मूल असेल तर विशेषच, TP53 जीनसाठी समुपदेशन द्यायचं असतं.

भावाचा रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणाचं ऑपरेशन ठरत असेल तर भूलतज्ज्ञाला त्याच्या गाठीबद्दल आधी सांगा. रिपोर्ट नीट पूर्ण होऊन काहीच निघालं नाही तर तुम्हा भावंडांना जीन तपासणी लागणार नाही. भावाला तरीही किमान दहा वर्षं दरवर्षी मेटानेफ्रिन करावं लागेल.