रेडियनमध्ये कोन दिला की ३६० कुठे जातो?

प्रश्न: अकरावीला आहे. दहावीत वर्तुळकंसाची लांबी θ/३६० × २πr ने काढायचो. आता r = १५ सेमी आणि कोन १.२ रेडियन दिलाय, मी त्याच सूत्रात घातलं तर ०.३१४ सेमी आलं, पुस्तकात उत्तर १८ आहे. आणि वर्तुळपाकळीच्या क्षेत्रफळाच्या नव्या सूत्रात तर π पण नाहीये, असं कसं?

सूत्र तुझं बरोबरच आहे रे, फक्त त्यातला ३६० हा आकडा अंशांचा आहे आणि तू वर रेडियन ठेवलेस. पूर्ण फेरीचा केवढा भाग, एवढंच ते θ/३६० सांगत असतं. रेडियनमध्ये पूर्ण फेरी २π ची, म्हणून भाग झाला θ/२π, आणि याला २πr ने गुणलं की वरचा २π न् खालचा २π कटतात, उरतं s = rθ. π गायब वगैरे काही झालेला नाही, तो कोनाच्या एककात आधीच जाऊन बसलाय. १५ × १.२ = १८, झालं.

पण नुसतं कटतं म्हणून सोडून देऊ नकोस, एकदा हे हाताने करून बघ. डब्याचं गोल झाकण घे, त्याच्या त्रिज्येएवढा दोरा काप आणि तो झाकणाच्या कडेवर वाकवून लाव. दोऱ्याच्या दोन टोकांपासून केंद्रापर्यंत रेघा मारल्यास की मधे जो कोन होतो तोच एक रेडियन, साधारण ५७ अंश. अर्ध्या झाकणाला असे तीन दोरे लागतात आणि वर थोडासा तुकडा, तोच आपला ३.१४. म्हणजे १.२ रेडियन याचा अर्थच मुळी '१.२ दोरे', आणि तुझा दोरा १५ सेमीचा, मग कंस १८ च येणार, यात सूत्र असं काही नाहीच खरं तर.

यावरून चूक पण लगेच पकडता येते. कोन १ पेक्षा जास्त असेल तर कंस त्रिज्येपेक्षा मोठा यायलाच हवा. १५ सेमी त्रिज्या आणि जवळपास ६९ अंशांचा कोन, त्याला तीन मिलिमीटरचा कंस कसा असेल? उत्तर लिहायच्या आधी एवढं बघितलं असतंस तर तुलाच खटकलं असतं.

आता क्षेत्रफळ. तेच केलंस, θ/२π × πr², तर π कटतो आणि खाली २ उरतो, म्हणून A = ½r²θ. तुझ्या गणितात ½ × २२५ × १.२ = १३५ चौसेमी. मी स्वतः हे ½ × r × s असं लक्षात ठेवतो, कारण पाकळीच्या केंद्रातून खूप बारीक बारीक फोडी केल्या तर प्रत्येक फोड जवळजवळ त्रिकोणच असते, उंची r, आणि सगळ्यांचे पाये जोडले की कंस s होतो, म्हणून त्रिकोणाचंच अर्धा गुणिले पाया गुणिले उंची इथे चालतं. ½ × १५ × १८, परत १३५. कंस आधी काढलेला असेल तर हेच सोपं पडतं आणि पडताळा पण होतो. (परिमिती विचारली तर मात्र १८ नाही हां, दोन त्रिज्या पण धरायच्या, १८ + ३० = ४८. याच्यात दर वर्षी निम्मा वर्ग पडतो.)

कोन ५π/६ असा आला तर त्याचे अंश करत बसू नकोस, r = १२ असेल तर सरळ १२ × ५π/६ = १०π, π तसाच ठेवायचा.

एक खड्डा पुढे आहे तो आत्ताच सांगून ठेवतो. इथपर्यंत कॅल्क्युलेटर कुठल्या मोडवर आहे याने काही फरक पडत नाही, कारण नुसता गुणाकार आहे. पण वर्तुळखंड आला, म्हणजे पाकळीतून त्रिकोण वजा करायचा, की सूत्र होतं ½r²(θ − sin θ) आणि त्या sin साठी कॅल्क्युलेटर रेडियनवर पाहिजे. तुझ्याच आकड्यांना sin १.२ म्हणजे ०.९३२, तर खंड ११२.५ × ०.२६८, साधारण ३०.१ चौसेमी. कॅल्क्युलेटर अंशांवर राहिला तर sin ०.०२१ दाखवतो आणि उत्तर येतं १३२.६, म्हणजे जवळजवळ अख्खी पाकळीच, जणू त्रिकोण वजा झालाच नाही. असं काही आलं की सूत्र खोडायच्या आधी स्क्रीनवर वर बारीक अक्षरात D आहे की R ते बघ.