पत्रात 'पगार' लिहिलाय की 'मानधन'?

प्रश्न: मिहानमधल्या कंपनीत पीएफ कापून हातात 40 हजार येतात, शिवाय माझा आणि कंपनीचा मिळून 4,800 पीएफ जमा होतो. नागपूरच्याच एका संस्थेने गडचिरोलीतल्या शाळांच्या कामासाठी 32 हजार देऊ केलेत. काम मनापासून आवडलंय. जाऊ का?

उत्तर: आधी ऑफरचं पत्र नीट वाचा. त्यात 'मानधन' किंवा 'कन्सल्टंट' असा शब्द असेल, तर तुम्ही त्यांच्या पगारपत्रकावर नाही. मग पीएफ नाही, भरपगारी रजा नाही, आणि सहसा 10 टक्के टीडीएस कापून 28,800 हातात पडतात. कापलेले 3,200 रिटर्न भरल्यावर परत मिळतील, पण दर महिन्याचा किराणा त्यातून भागत नाही. तुमची आजची कमाई पीएफ धरून 44,800 आहे, म्हणजे दिसायला 8 हजारांचा असलेला फरक खरा 12,800 चा आहे. त्यात घरच्यांचा आरोग्य विमाही आता तुम्हालाच काढावा लागेल.

याबद्दल मी इतकं पोटतिडकीने लिहितोय, कारण 2016 साली मी असंच पत्र न वाचता सही केली होती. 11 महिन्यांचा करार दोनदा वाढला, मग एका मार्चमध्ये फंडरने हात काढून घेतला आणि आमचा अख्खा प्रोजेक्ट बंद झाला. पुढे कंपनीत मुलाखतीला गेलो, तर त्यांनी तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागितल्या. माझ्याकडे होत्या त्या फक्त मानधनाच्या पावत्या. आधीच्या पगारावर बोलणी करायला आधारच उरला नव्हता.

म्हणून संस्थेला दोन गोष्टी सरळ विचारा. पहिली, माझं पद कोणत्या ग्रँटमधून भरलंय आणि ती कधी संपते? सीएसआरचा निधी असेल तर कायद्याने चालू प्रकल्पाची मुदत सुरू झालेलं आर्थिक वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं असते, त्यामुळे तारीख त्यांना माहीत असतेच. दुसरी, मला पगारपत्रकावर घ्याल का? वीस किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या संस्थेला पीएफचा कायदा लागू होतो. 'आमच्याकडे सगळेच कन्सल्टंट आहेत' असं उत्तर आलं, तर तिथल्या जुन्या माणसांना एकटं गाठून पगार वेळेवर होतो का ते विचारा. विशेषतः एप्रिल ते जूनमध्ये, म्हणजे जुना हप्ता संपलेला असतो आणि नवा आलेला नसतो तेव्हा.

पुढच्या कमाईचं म्हणाल तर संस्थेतला अनुभव वाया जात नाही, पण तो कोणता यावर सगळं आहे. बजेट हाताळलं, फंडरचे रिपोर्ट लिहिले, पाच-सहा जणांची टीम सांभाळली, तर मोठ्या फाउंडेशनमध्ये किंवा कंपनीच्या सीएसआर विभागात ते मोजलं जातं. नुसत्या शाळाभेटी आणि फोटो अपलोड करण्यात तीन वर्षं गेली, तर पगार तिथेच अडकतो. तुमच्या पदाच्या कामांची यादी लेखी मागा.

आणि राजीनाम्याआधी दोन दिवस रजा टाका, गणेशपेठेतून एसटी पकडा आणि त्यांच्या एका कार्यकर्त्यासोबत गडचिरोलीच्या शाळांत फिरा. मुलं त्याला नावाने ओळखतात का, शिक्षक त्याला बघून खुर्ची पुढे करतात की घड्याळ बघतात, हे तिथेच कळतं. मला ते काम खरं दिसलं, ग्रँट दोन वर्षांची उरली असेल आणि पीएफसह पगार मिळत असेल, तर तुमच्या जागी मी 32 हजारांत गेलो असतो. सहा महिन्यांचा घरखर्च मात्र आधी बाजूला काढला असता.